ठराव झाला, काम रखडलं: अध्यक्षांना लिहायचं टिपण

१० ऑगस्ट २०२५ च्या कार्यकारिणी सभेचं इतिवृत्त सांगतं : "स्ट्रक्चरल ऑडिट अहवालानुसार स्टिल्टमधील दोन खांबांची दुरुस्ती तातडीने करून घ्यावी असे सर्वानुमते ठरले. सचिवांनी पाठपुरावा करावा." सप्टेंबरमध्ये त्याच विषयासमोर लिहिलंय, "दोन कोटेशन आली, तिसऱ्याची वाट पाहणे." ऑक्टोबरमध्ये, "दिवाळीनंतर निर्णय घ्यावा." नोव्हेंबरमध्ये, "सविस्तर चर्चा झाली." डिसेंबरमध्ये, "वेळेअभावी पुढील सभेत." ११ जानेवारी २०२६ च्या सभेत कुणीतरी लक्षात आणून दिलं, की आलेल्या कोटेशनची मुदतच संपली आहे. तेव्हा लिहिलं गेलं, "नवीन कोटेशन मागवावीत."

ही सोसायटी मी उदाहरणासाठी उभी केली आहे. गृहनिर्माण संस्थांची दप्तरं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या ओळी मी शहर, इमारत आणि हस्ताक्षर बदलून पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. इमारत १९८८ ची, सदनिका ४८, सगळ्या साधारण सारख्याच आकाराच्या. माणसं चांगली आहेत. कुणी पैसे खाल्लेले नाहीत, कुणी मुद्दाम अडवलेलं नाही. तरीही ज्या खांबांवर चार मजले उभे आहेत त्यांना पाच महिने कुणाचा हात लागलेला नाही.

अशा वेळी सचिवाने, किंवा समितीतल्या कुठल्याही जबाबदार सदस्याने, अध्यक्षांना एक लेखी टिपण द्यायचं असतं. आधीच्या सभांमध्ये ठरलेली, मुदत उलटून गेलेली आणि खालच्या पातळीवर सुटत नसलेली कामं त्यात अध्यक्षांसमोर मांडायची. कंपन्यांमध्ये याला एस्कलेशन मेमो म्हणतात. सोसायट्यांमध्ये ते सहसा लिहिलं जात नाही, कारण आपल्याकडे लेखी दिलं की भांडण झालं असं समजतात. जिन्यात भेटल्यावर "काका, ते खांबाचं बघायला हवं हं," एवढं म्हटलं की आपण सांगितलं असं आपल्याला वाटतं. काकांनाही वाटतं की आपण ऐकलं. काम मात्र आहे तिथेच राहतं.

टिपण लिहिण्याआधी एक काम करावं लागतं, आणि खरं कष्टाचं काम तेच आहे. जुनी इतिवृत्तं काढून एकेका विषयाचा माग घ्यायचा. विषय पहिल्यांदा कधी आला, ठरावाचे नेमके शब्द काय होते, कुणाचं नाव लिहिलं होतं, तारीख दिली होती का, पैसे मंजूर झाले होते का, आणि नंतरच्या प्रत्येक सभेत त्याचं काय झालं, हे एका कागदावर उतरवायचं. आपल्या उदाहरणात हे केलं की पहिली गोष्ट दिसते ती अशी : ऑगस्टच्या ठरावात "तातडीने" आहे, पण तारीख नाही. समजा, इतिवृत्ताच्या शेवटच्या तक्त्यात सचिवांनी ३१ ऑगस्ट अशी मुदत लिहून ठेवली होती, म्हणून निदान ती तरी सापडली. त्या हिशेबाने १३ जानेवारीला काम १३५ दिवस उशिरात आहे. दुसरी गोष्ट, "सचिवांनी पाठपुरावा करावा" असं ठरलं, पण पाठपुरावा म्हणजे काय हे कुणी ठरवलं नाही. कोटेशन आणणं सचिवांच्या हातात होतं आणि ती त्यांनी आणली. त्यापुढचं त्यांच्या हातात नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि ती समितीत पाच महिने कुणाच्याच लक्षात आली नाही.

आलेल्या दोन कोटेशनपैकी कमी रकमेचं होतं ४,६०,००० रुपयांचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांनी जे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत, त्यांत दुरुस्ती-देखभालीवर समितीला सर्वसाधारण सभेला न विचारता किती खर्च करता येतो याची मर्यादा घातलेली आहे. २५ पर्यंत सदस्य असतील तर २५,००० रुपये, २६ ते ५० सदस्यांना ५०,००० आणि त्याहून मोठ्या संस्थेला एक लाख. (आपल्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधीत काय लिहिलंय ते आधी उघडून बघावं; जुन्या संस्थांत आकडे वेगळे असू शकतात.) म्हणजे ४८ सदस्यांच्या या समितीला साडेचार लाखांचा खर्च मंजूर करायचा अधिकारच नाही. तिसरं कोटेशन आलं असतं, चौथं आलं असतं, दिवाळीआधी चर्चा झाली असती, तरी या टेबलावर हा निर्णय होण्यासारखा नव्हता. तो सर्वसाधारण सभेचा निर्णय आहे. समिती एका बंद दारासमोर उभी राहून आत जायला कोणी आधी निघायचं याची चर्चा करत होती.

रखडलेल्या कामांमध्ये हे फार वेळा सापडतं. वरवर पाहिलं तर आळस किंवा दिरंगाई दिसते. माग घेतला की कळतं, काम ज्यांच्याकडे दिलं होतं त्यांना ते करायचा अधिकार किंवा पैसा नव्हता, आणि हे मोठ्याने म्हणायला कुणी धजावलं नाही. म्हणून टिपण लिहिणाऱ्याने प्रत्येक कामापाशी स्वतःला विचारायचं : हे नक्की कुठे अडलंय? माणूस करत नाहीये, बाहेरच्या कुणाकडून काही यायचंय, की निर्णय घेणारा वेगळाच कुणीतरी आहे? यातल्या पहिल्यासाठी अध्यक्षांना कागद देण्याची गरज नाही. संबंधित माणसाशी बोलावं. दुसऱ्यासाठी स्मरणपत्र पुरतं. तिसरं मात्र अध्यक्षांपर्यंत जायलाच हवं.

अध्यक्षांपर्यंतच का, याचं उत्तरही उपविधीतच आहे. विशेष सर्वसाधारण सभा अध्यक्षांच्या सूचनेवरून केव्हाही बोलावता येते. समितीच्या बहुमतानेही येते, आणि एकपंचमांश सदस्यांनी सह्या करून मागणी केली तर महिन्याच्या आत बोलवावीच लागते. पण या वाटांमध्ये एक मोठा फरक आहे, तो जाणकारांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांच्या दोनतृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सदस्य हजर लागतात. आपल्या उदाहरणात २०. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत, तर सदस्यांच्या मागणीवरून बोलावलेली सभा तिथेच संपते. एरवीची सभा मात्र तहकूब होते, सूचनेत तसं लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा भरते, आणि तेव्हा गणपूर्ती नसली तरी कामकाज करता येतं. ज्या सोसायटीत सभेला पंधरा माणसं जमवताना नाकी नऊ येतात, तिथे या एका तरतुदीवर खांबांचं भवितव्य ठरू शकतं. अध्यक्षांनी बोलावलेली सभा हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग.

दुसरा अधिकार त्याहून मोलाचा आहे. तातडीची परिस्थिती असेल तर अध्यक्ष समितीचे अधिकार स्वतः वापरू शकतात. तसं करण्याची कारणं लेखी नोंदवायची आणि पुढच्या समिती सभेत निर्णयाला मान्यता घ्यायची. मात्र समितीला जो अधिकार नाही तो अध्यक्षांनाही मिळत नाही. म्हणून साडेचार लाखांची दुरुस्ती ते एकट्याच्या सहीने काढू शकत नाहीत. पण ऑडिट करणाऱ्या अभियंत्यांच्या अहवालात आणखी एक शिफारस होती, ती ऑगस्टच्या ठरावात "दुरुस्ती" या शब्दाखाली दबून गेली : दुरुस्ती होईपर्यंत त्या दोन खांबांवर येणाऱ्या तुळयांना लोखंडी टेकू द्यावेत. टेकूंचा अंदाज ३८,००० रुपये. हा खर्च ५०,००० च्या आत आहे. तो समितीला ऑगस्टमध्येच करता आला असता. आज अध्यक्षांना एका सहीने करता येईल.

इथे टिपणाचं खरं काम सुरू होतं. इतिवृत्तात जे एक काम म्हणून लिहिलेलं होतं ती मुळात तीन कामं होती. टेकू द्यायचे, हे आज आणि अध्यक्षांच्या किंवा समितीच्या अधिकारात. सर्वसाधारण सभा बोलावून खर्च मंजूर करून घ्यायचा, हे अध्यक्षांच्या सूचनेवरून. आणि सभेपुढे ठेवण्यासाठी कोटेशन नव्या तारखेची करून घ्यायची, हे सचिवांच्या हातात. तिन्ही एकत्र बांधल्यामुळे सगळ्यांत सोपं काम सगळ्यांत अवघड कामाच्या मागे अडकून पडलं. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या प्रलंबित विषयात अशी गाठ होती.

खांबांची अवस्था टिपणात कशी सांगावी, यावर थोडं थांबतो, कारण इथेच लेखणी घसरते. "खांब अत्यंत धोकादायक अवस्थेत आहेत, केव्हाही दुर्घटना घडू शकते" असं लिहिलं की वाचणारा एक तर घाबरतो नाहीतर चिडतो, आणि दोन्ही वेळा त्याला कळत काहीच नाही. त्यापेक्षा खाली पार्किंगमध्ये जाऊन नीट बघावं. काँक्रीटच्या आतली सळई गंजली की गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडत बाहेर येतं. म्हणून अशी भेग सळईच्या रेषेत, खांबाच्या कोपऱ्यालगत उभी जाते. गिलाव्यातल्या साध्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगांपेक्षा ती वेगळी ओळखू येते. तिच्या कडेने तपकिरी ओघळ दिसतात. छोट्या हातोडीने हलकं ठोकलं तर घट्ट जागी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या जागी पोकळ. भेग वाढते आहे का हे कळण्यासाठी अभियंते तिच्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवतात आणि तारीख लिहून ठेवतात. भेग सरकली तर काच तडकते. समजा, ऑगस्टमध्ये लावलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक डिसेंबरअखेर तडकलेली दिसली. तर टिपणात एवढंच लिहायचं : "खांब क्रमांक ७ वर १६ ऑगस्ट रोजी लावलेली काचपट्टी २८ डिसेंबर रोजी तडकलेली आढळली. फोटो जोडला आहे." सोबत मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. या वाक्यात एकही विशेषण नाही, आणि अध्यक्ष ते वाचून उठून खाली जातील.

त्या फोटोसह अभियंत्यांना लगेच फोन करायचा आणि त्यांचं मत दोन ओळींत लेखी घ्यायचं, हेही आलंच. धोका किती हे सचिवाने ठरवू नये. तो ठरवण्याचा ज्याला अधिकार आहे त्याचं म्हणणं जसंच्या तसं द्यावं.

आता या सोसायटीतल्या सचिवबाईंनी लिहिलेला पहिला मसुदा बघू. "मा. अध्यक्ष, गेले पाच महिने मी वारंवार पाठपुरावा करूनही समितीच्या उदासीनतेमुळे अनेक कामे प्रलंबित आहेत. यादी सोबत जोडली आहे. कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी." सोबतच्या यादीत सतरा विषय : खांब, अग्निशमन, पार्किंगचे स्टिकर, गेटचा रंग, बागेतला नळ. संताप समजण्यासारखा आहे. पण हे पत्र वाचून अध्यक्षांनी नेमकं काय करायचं? "योग्य ती कार्यवाही" कोणती हे लिहिणारीलाच सांगायचं होतं, ते वाचणाऱ्यावर टाकलं गेलं. शिवाय खांब आणि गेटचा रंग एकाच यादीत आले की खांबाचं वजन गेटच्या रंगाएवढं होतं. आणि "समितीच्या उदासीनतेमुळे" या एका शब्दप्रयोगाने पुढची सभा उदासीनतेवर खर्ची पडणार, हे नक्की.

सतरापैकी चौदा विषय अध्यक्षांकडे जाण्याचे नाहीतच. उरतात तीन. खांब हा पहिला. दुसरा अग्निसुरक्षेचा : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. जुलैचं राहिलं आणि जानेवारीचा महिना चालू आहे. तिसरा लेखापरीक्षणातल्या दोषांच्या दुरुस्तीचा अहवाल, ज्याला सगळे 'ओ' फॉर्म म्हणतात. तो लेखापरीक्षण अहवालानंतर तीन महिन्यांत द्यायचा, आणि ती मुदत डिसेंबरमध्ये गेली. या दोन्ही कामांत अध्यक्षांकडून फक्त एकेक सही हवी आहे. ती टिपणात प्रत्येकी एका परिच्छेदात येतील, आणि त्याहून जास्त जागा त्यांना देऊ नये.

पत्र देण्याआधी सचिवबाई अध्यक्षांच्या घरी गेल्या. हे फार आवश्यक आहे. असा कागद दाराखालून सरकवायचा नसतो.

"अगं, लिहून कशाला देतेस? बोलून घेऊ ना रविवारी," अध्यक्ष म्हणाले.

"काका, सहा रविवार बोललो आपण. हा आरोप नाहीये तुमच्यावर. माझ्या सहीने होत नाही आणि तुमच्या सहीने होतं, तेवढंच लिहिलंय. तुम्ही आधी वाचा, काही चुकलं असेल तर सांगा, मग मी आवक नोंदवते."

काकांनी चष्मा लावला आणि वाचलं. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली, ती रास्त होती : सप्टेंबरमध्ये दुसरं कोटेशन आणायला सचिवांबरोबर खजिनदारही गेले होते, ते नाव टिपणात यायला हवं. मग त्यांनी विचारलं, "पण पैशाचं काय? लोक सभेत पहिला तोच प्रश्न विचारतील."

तो प्रश्न टिपणात आधीच असायला हवा, आणि या टिपणात तो होता. दुरुस्ती निधीत ३,१०,००० रुपये शिल्लक आहेत. ४,६०,००० मधून ते वजा केले की दीड लाख कमी पडतात. मोठ्या दुरुस्तीसाठीची वर्गणी किती आणि कशी घ्यायची हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं असतं, आणि ती सदनिकेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आकारायची असते. इथे सदनिका सारख्या असल्यामुळे हिशेब सोपा आहे : ४८ घरांना प्रत्येकी ३,१२५ रुपये. साडेचार लाख हा आकडा ऐकून सभा बिथरते. तीन हजार एकशे पंचवीस ऐकून लोक हप्त्यांबद्दल विचारतात, आणि तिथून निर्णय पुढे सरकतो. टेकूंचे ३८,००० देखभालीच्या चालू खात्यातून जातील, हेही लिहिलेलं होतं.

शेवटी जे टिपण गेलं ते एका पानाचं होतं. त्यातला खांबांचा भाग पूर्ण देतो.

दिनांक : १३ जानेवारी २०२६
प्रति : मा. अध्यक्ष
विषय : मुदत उलटलेल्या तीन विषयांवर आपला निर्णय मिळण्याबाबत

१. स्टिल्टमधील खांब क्रमांक ७ व ८. कार्यकारिणी सभा १० ऑगस्ट २०२५, ठराव क्रमांक ४. मुदत ३१ ऑगस्ट २०२५. आजपर्यंत उशीर १३५ दिवस. सचिव व खजिनदार यांनी दोन कोटेशन मिळवली. दोन्हींची मुदत संपली आहे. कमी रकमेचे कोटेशन रु. ४,६०,००० चे असून समितीची खर्चमर्यादा रु. ५०,००० आहे. त्यामुळे हा विषय समिती सभेत निकाली निघू शकत नाही. खांब ७ वरील काचपट्टी २८ डिसेंबर रोजी तडकलेली आढळली (फोटो सोबत). सल्लागार अभियंत्यांचे ३० डिसेंबरचे मत : टेकू त्वरित द्यावेत, दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावी.

आपल्याकडून अपेक्षित : (अ) तातडीच्या अधिकारात टेकूंचा रु. ३८,००० चा खर्च १५ जानेवारीपर्यंत मंजूर करावा. कारणांची नोंद मसुद्यात जोडली आहे. ८ फेब्रुवारीच्या समिती सभेत मान्यता घेता येईल. (आ) २६ जानेवारी रोजी सकाळी ध्वजवंदनानंतर विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याची सूचना द्यावी. सूचनापत्र १७ जानेवारीला निघेल. नवीन कोटेशन मी २३ जानेवारीपर्यंत आणते.

तारखा अशाच का, हे समजून घेण्यासारखं आहे. विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवसांची सूचना लागते, आणि पूर्ण दिवस मोजताना सूचना काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरत नाहीत. १७ ते २६ मध्ये आठ दिवस मिळतात, म्हणजे आक्षेपाला जागा राहत नाही. २५ ला रविवार होता, पण जोडून सुट्टी आल्यामुळे लोक गावी जातात. जे राहतात ते मात्र सव्वीसला सकाळी झेंड्याखाली हमखास जमतात. सूचनापत्रात त्याच दिवशी अर्ध्या तासाने तहकूब सभा भरेल हेही लिहायचं. आणि खर्चाची मंजुरी, वर्गणीची रक्कम, हप्ते, कंत्राटदाराची निवड असे विषय सुटे सुटे लिहायचे, कारण विशेष सभेत सूचनेत नसलेला विषय घेता येत नाही. "खांबांबाबत चर्चा" एवढंच लिहिलं तर सभेतही चर्चाच होईल.

काही जण इथे एक पळवाट सुचवतात : काम पन्नास हजारांच्या आतल्या दहा तुकड्यांत काढा, सभेची कटकटच नको. असं करू नये. मर्यादा टाळण्यासाठी तोडलेलं काम लेखापरीक्षकाला बिलांच्या तारखांवरून लगेच दिसतं. शिवाय एकच खांब तीन कंत्राटदारांनी तुकड्यातुकड्याने दुरुस्त केला, तर उद्या त्याची हमी कुणीच देणार नाही.

सहकार कायद्यात समितीच्या सदस्यांवर तिच्या निर्णयांची आणि संस्थेचं नुकसान करणाऱ्या कृती व चुकांची जबाबदारी एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही टाकलेली आहे. करायचं काम न करणं त्यात येतं. हे वाक्य टिपणात लिहावं का, असं मला विचारतात. माझं मत : पहिल्या टिपणात लिहू नये. त्याने कागदाला नोटिशीचा वास येतो, आणि अध्यक्ष वकिलाला फोन करतात. पण टिपण लिहिणाऱ्याने ते स्वतः लक्षात ठेवावं, कारण त्या जबाबदारीत सचिवही आहे. आवक क्रमांक घेऊन, पोच घेऊन दिलेला कागद दप्तरात राहतो. तोंडी सांगितलेलं सिद्ध करता येत नाही.

अध्यक्षांचं उत्तर त्याच कागदावर घ्यावं. खाली दोन ओळींची जागा सोडावी : (अ) मंजूर की नाही, (आ) मंजूर की नाही, तारीख, सही. नामंजूर असेल तर कारण. नकारही चालतो. नकार आला तर निदान विषय कुठे अडला हे सगळ्यांना दिसतं, आणि समितीच्या बहुमताने सभा बोलावण्याची वाट मोकळी होते. तीही बंद झाली तर आपल्या उदाहरणात दहा सदस्यांच्या सह्या पुरतात. उत्तरच आलं नाही, तर टिपणात दिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी तेच टिपण, नवीन एकही शब्द न घालता, पुढच्या समिती सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर ठेवावं. राग वाढला म्हणून दुसऱ्या टिपणाची भाषा वाढवू नये.

मंजुरी मिळाल्यावरही विषय यादीतून लगेच काढू नये. कोटेशन स्वीकारलं, काम सुरू झालं, आगाऊ रक्कम दिली, यातल्या कशानेही हा विषय पूर्ण होत नाही. खांबांच्या बाबतीत पूर्ण म्हणजे : सुटलेलं काँक्रीट काढून सळई साफ केल्यावरचा फोटो, कारण ती एकदा झाकली की आत काय केलं ते कुणालाच दिसत नाही, सल्लागार अभियंत्यांचं काम पूर्ण झाल्याचं लेखी प्रमाणपत्र, आणि त्यानंतरच, त्यांनी सांगितलेल्या दिवशी काढलेले टेकू. हे तीन कागद फाइलला लागले की इतिवृत्तात विषय बंद करावा. त्याच ओळीत पुढच्या ऑडिटची तारीखही लिहावी. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट आदर्श उपविधीप्रमाणे दर तीन वर्षांनी करायचं असतं, म्हणजे या इमारतीचं पुढचं ऑडिट २०२८ मध्ये. तोपर्यंत समिती बदललेली असू शकते, म्हणून ती तारीख सचिवांच्या डायरीत न राहता नव्या समितीकडे सोपवायच्या दप्तराच्या यादीत, महिन्यासह लिहिलेली असावी.